घरच्या वाय-फायवर शेजाऱ्यांचे फोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीतील आणि ओळखीच्या घरांतील राउटरची दुरुस्ती-देखभाल मी बरीच वर्षे करतो आहे. पासवर्ड इमारतीत पसरला, आता काय करावे, ही विचारणा त्या निमित्ताने सतत होत असते. लोक जसे विचारतात त्याच शब्दांत ते प्रश्न येथे दिले आहेत. उदाहरणादाखल तिसऱ्या मजल्यावरील एका घराची हकीकत काही उत्तरांत येते. त्या कुटुंबाच्या परवानगीने, पण ओळख पटू न देता, ती सांगत आहे.

१. आम्ही पासवर्ड शेजाऱ्यांना कधीच दिला नाही. मग तो त्यांच्यापर्यंत पोहोचला कसा?

बहुतेक वेळा तो चोरीला गेलेला नसतो, हातोहात गेलेला असतो. गणपतीला किंवा वाढदिवसाला घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याला आपण पासवर्ड सांगतो. अँड्रॉइड १० पासून पुढच्या बहुतेक फोनमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा क्यूआर कोड दाखवण्याची सोय असते, आणि अनेक फोनमध्ये त्या कोडखाली पासवर्ड चक्क अक्षरांत लिहिलेला असतो. त्यामुळे ज्याला आपण एकदा जोडून घेतले, तो आपल्याला न विचारता पुढच्या दहा जणांना जोडून देऊ शकतो. घरातील मुले मित्रांना तो देतात, त्यात लबाडी नसते. फोनचा बॅकअप घेतलेला असेल, तर मित्राने नवा फोन घेतल्यावर आपला पासवर्ड त्यातही आपोआप जातो.

दुसरा मार्ग जोडणी करायला आलेल्या माणसाचा. घाईत तो आडनाव आणि 123, सदनिकेचा क्रमांक किंवा ग्राहकाचा मोबाईल क्रमांक असा पासवर्ड ठेवून जातो, आणि अनेकदा एकाच इमारतीत सगळीकडे तोच साचा वापरतो. शेजारच्या घरात तोच माणूस आला असेल, तर त्यांना आपला पासवर्ड ओळखायला दोन प्रयत्न पुरतात.

२. संध्याकाळी नेट फार संथ चालते. कोणीतरी चोरून वापरत असेल का?

असू शकते, पण संथपणा हा त्याचा पुरावा नव्हे. संध्याकाळी आसपासच्या वीस-पंचवीस घरांचे राउटर एकाच वेळी जोरात चालू असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते एकमेकांच्या आड येतात. घरातील एखादा फोन फोटोंचा बॅकअप घेत असेल, तरीही व्हिडिओ अडखळतो. राउटरवरचा दिवा लुकलुकतो यावरूनही काही ठरवता येत नाही, कारण कोणी काही पाहत नसतानाही फोन, टीव्ही आणि कॅमेरे आपापसांत थोडीफार देवाणघेवाण करत असतात.

अधिक भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दुपारी आजी मालिका पाहत असताना टीव्हीवर अचानक लहान मुलांची गाणी सुरू झाली. आजींना वाटले टीव्ही बिघडला. प्रत्यक्षात दुसऱ्या घरातील मुलाने फोनवर व्हिडिओ टीव्हीवर पाठवण्याचे चिन्ह दाबले होते आणि समोर आलेल्या यादीतून आपला समजून यांचा टीव्ही निवडला होता. असा टीव्ही साधारणतः त्याच वाय-फायवर असलेल्या फोनलाच दिसतो, त्यामुळे ही खूण गांभीर्याने घ्यावी. महिन्याचा डेटा नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट वापरला गेला असल्याचे कंपनीच्या ॲपमध्ये दिसत असेल, तर तेही तपासून पाहण्यासारखे आहे.

३. कोण कोण जोडलेले आहे ते नक्की कुठे दिसते?

राउटरच्या स्वतःच्या पानावर. त्याचा पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, काही राउटरचा 192.168.29.1 असतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तो थेट पाहून घ्यावा. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात Gateway या नावापुढे आणि आयफोनमध्ये Router या नावापुढे तो दिसतो. विंडोज संगणकावर पुढील आज्ञा द्यावी आणि Default Gateway ही ओळ पाहावी.

```
ipconfig
```

हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिन विचारले जाते. हे लॉगिन वाय-फायच्या पासवर्डहून वेगळे असते आणि सुरुवातीचे लॉगिन सहसा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेले असते.

आत गेल्यावर दोन प्रकारच्या याद्या आढळतात आणि त्यांतील फरक न कळल्याने बराच घोळ होतो. DHCP Clients किंवा तत्सम नावाच्या यादीत ज्यांना राउटरने पत्ता दिला आहे ते सगळे दिसतात. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी, अनेक राउटरवर २४ तासांसाठी, दिलेला असतो. त्यामुळे सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोनही रात्री तिथे दिसू शकतो. Wireless Clients किंवा Connected Devices अशा नावाच्या यादीत साधारणतः त्या क्षणी जोडलेली उपकरणेच असतात. निर्णय दुसऱ्या यादीवरून घ्यावा. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतात. त्यांच्या याद्या वेगळ्या असतील, तर दोन्ही पाहाव्यात.

४. यादीत बरीच अनोळखी नावे आहेत. ती शेजाऱ्यांची की आमचीच, हे कसे ओळखावे?

आधी आपली उपकरणे ओळखावीत, मग उरलेल्यांकडे वळावे. प्रत्येक उपकरणाला मॅक ॲड्रेस नावाची बारा अक्षर-अंकांची ओळख असते आणि यादीत ती दिसते. अडचण अशी की अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपली मूळ ओळख लपवतात आणि वाय-फायसाठी वेगळी, बनवलेली ओळख वापरतात. त्यामुळे फोनच्या खोक्यावर छापलेला क्रमांक यादीत सापडत नाही आणि लोक घाबरतात. प्रत्येक फोनमध्ये या विशिष्ट वाय-फायच्या तपशिलात दाखवलेलाच क्रमांक पडताळावा. बनवलेली ओळख ओळखण्याची एक सोपी खूण आहे: मॅक ॲड्रेसमधील दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर ती बनवलेली असते. म्हणून तेथे निर्मात्याचे नाव दिसत नाही. त्यात संशयास्पद काही नाही.

आता ती हकीकत. चार माणसांचे घर. पहिल्या यादीत १७ नोंदी होत्या आणि घरच्यांनी तेवढ्यावरच वरच्या मजल्यावर जाऊन बोलायचे ठरवले होते. मी त्यांना थांबायला सांगितले. दुसऱ्या, म्हणजे त्या क्षणीच्या यादीत १४ नोंदी होत्या, उरलेल्या तीन दिवसभरात येऊन गेलेल्यांच्या होत्या. मग आम्ही कागद घेतला. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, बेडरूममधला एसी आणि सिग्नल पुढे नेणारा रिपीटर, असे ११ जुळले. तीन उरले. त्यांतील एक नोंद कोणाच्याच लक्षात येईना. अखेर आजींच्या कपाटातील जुना फोन आठवला, ज्यावर त्या रोज पहाटे भजने लावतात. तो चार्जिंगला लावलेला होता आणि तीच ती नोंद होती.

उरलेल्या दोन नोंदींसाठी आम्ही रात्री साडेअकराला घरातील सर्व फोनचे वाय-फाय बंद केले आणि टीव्ही, एसी, प्रिंटर, कॅमेरा यांचे प्लग काढले. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून यादी पुन्हा उघडली. वायरलेस यादीत रिपीटर आणि ते दोघे एवढेच शिल्लक होते. मगच आमची खात्री पटली. ही बंद करून पाहण्याची पद्धत कंटाळवाणी आहे, परंतु तिच्यामुळे निष्पाप शेजाऱ्यावर आळ घेणे टळते आणि मला ते फार मोलाचे वाटते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. काही रिपीटर आपल्यामार्गे जोडलेली उपकरणे स्वतःच्याच ओळखीने पुढे पाठवतात, त्यामुळे मुख्य राउटरवर ती वेगळी दिसत नाहीत. घरात रिपीटर असेल, तर त्याचे पानही उघडून पाहावे.

५. कोण जोडले आहे ते दाखवणारी फुकट ॲप आहेत. ती पुरेशी नाहीत का?

प्राथमिक अंदाजासाठी चालतात. परंतु फोनवरील ॲपला आता मॅक ॲड्रेस पूर्ण दिसत नाहीत आणि झोपलेली उपकरणे उत्तरच देत नसल्याने यादीतून सुटतात. राउटर किंवा ब्रॉडबँड कंपनीचे स्वतःचे ॲप असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते राउटरचीच यादी दाखवते.

६. शेजारी आमच्या वाय-फायवर असेल, तर त्याला आमचे व्हॉट्सॲप किंवा बँकेचे व्यवहार दिसतात का?

नाही. बँकेची संकेतस्थळे, ॲप आणि व्हॉट्सॲप आपली माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. त्याच वाय-फायवर बसलेल्या माणसाला ती वाचता येत नाही.

धोका दुसरीकडे आहे. घराच्या आतल्या जाळ्यात आलेला माणूस राउटरच्या लॉगिन पानापर्यंत पोहोचतो. तेथे admin हाच पासवर्ड ठेवलेला असेल, तर तो आत शिरू शकतो, नवा वाय-फाय पासवर्डही वाचू शकतो आणि डीएनएसची नोंद बदलून आपल्याला भलत्याच संकेतस्थळाकडे वळवू शकतो. प्रिंटर, संगणकावरील खुला ठेवलेला फोल्डर आणि मूळ पासवर्ड न बदललेला कॅमेरा हेही त्याच्या आवाक्यात येतात. वरच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलाच्या मनात यातले काहीही नसते, हे खरे. पण पासवर्ड ज्या वाटेने त्याच्याकडे गेला, त्याच वाटेने तो आपल्याला माहीतही नसलेल्या माणसाकडे गेलेला असू शकतो.

७. यादीतील तो फोन निवडून ब्लॉक केला तर काम होईल का?

तात्पुरते होईल. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे फोनची ओळख बनवलेली असते. नेटवर्कच्या तपशिलात जाऊन मूळ ओळख वापरण्याचा पर्याय निवडला की तोच फोन राउटरला नवा वाटतो आणि पुन्हा जोडला जातो. त्याच्या भावाचा फोन तर ब्लॉक झालेलाच नसतो. नाव लपवून ठेवण्याच्या पर्यायाचेही तसेच: ज्याच्याकडे नाव आणि पासवर्ड आधीपासून आहेत, त्याला त्याने काहीच अडथळा होत नाही. पासवर्ड बदलणे हाच उपाय आहे.

८. पासवर्ड बदलायचा ठरवला आहे. कोणत्या क्रमाने बदलावा, म्हणजे घरातील काम अडणार नाही?

कोणाची ऑनलाइन बैठक किंवा परीक्षा नाही अशी तासभराची वेळ निवडावी. नवा पासवर्ड आधी कागदावर लिहावा. पडद्यावर टाइप करताना झालेली एखादी चूक नंतर शोधता येत नाही आणि मग आपणच बाहेर राहतो. शक्य असल्यास लॅपटॉप केबलने राउटरला जोडून काम करावे, कारण वाय-फायवरून बदल केला की Save दाबताक्षणी आपली जोडणी तुटते आणि बदल नोंदला गेला की नाही हे कळत नाही. केबल नसेल, तर जोडणी तुटणे अपेक्षित आहे हे लक्षात ठेवून नव्या पासवर्डने पुन्हा जोडावे.

आत गेल्यावर सर्वप्रथम राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड बदलावा. पुष्कळ लोक हे शेवटी करतात किंवा विसरतात. तो जुनाच राहिला, तर प्रश्न ६ मधील वाट उघडी राहते. त्यानंतर डीएनएसची नोंद पाहावी. ती आपोआप मिळणारी असावी किंवा आपणच भरलेली असावी. Remote Management हा बाहेरून राउटर उघडण्याचा पर्याय चालू दिसला आणि आपण तो वापरत नसू, तर बंद करावा. मात्र कंपनीचा TR-069 हा विभाग वेगळा असतो, त्याला हात लावू नये, कारण त्याच्याद्वारेच कंपनी दुरून दुरुस्ती करते.

मग डब्ल्यूपीएस बंद करावे. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ अंकी पिनने जोडणी करण्याची ही सोय आहे. तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा, WEP किंवा Open कधीही नसावा.

शेवटी वाय-फायचा पासवर्ड बदलावा, तोही २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही विभागांत. पाहुण्यांचे नेटवर्क चालू असेल, तर तिथेही. बदल जतन झाल्यावर राउटर एकदा पुन्हा सुरू करावा. घरातील उपकरणे जोडताना आधी एक फोन जोडून खात्री करावी, मग लॅपटॉप, आणि टीव्ही, कॅमेरा यांसारखी हट्टी उपकरणे सर्वांत शेवटी घ्यावीत.

९. एवढे करण्यापेक्षा राउटरच्या मागचे छोटे रीसेट बटण टाचणीने दाबले तर?

कृपया दाबू नये, निदान पुढील गोष्ट तपासल्याशिवाय तरी. घरातील फायबरच्या डब्यात केवळ वाय-फायचा पासवर्ड नसतो. अनेक जोडण्यांत, विशेषतः स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेल्या जोडण्यांत, पीपीपीओई नावाचे वापरकर्ता-नाव व पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक त्यात भरलेला असतो. रीसेटने तोही पुसला जातो. वाय-फाय दिसते, पण इंटरनेट नसते, आणि केबलवाला येईपर्यंत घर बंद पडते. हे शनिवारी रात्री झाले, तर सोमवारपर्यंत थांबावे लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

शिवाय रीसेटनंतर वाय-फायचा पासवर्ड लेबलवर छापलेलाच होतो, आणि त्या लेबलचा फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये असण्याची शक्यता कमी नसते. लॉगिन विसरल्यामुळे रीसेट करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी कंपनीला फोन करून जोडणीचा तपशील लिहून घ्यावा.

१०. पासवर्डसोबत वाय-फायचे नावही बदलावे का?

गरज नाही, पण दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. नाव तेच ठेवले, तर शेजाऱ्याचा फोन काही दिवस जोडण्याचा प्रयत्न करतो आणि त्याला पासवर्ड चुकीचा असल्याचे दिसते. म्हणजे आपण बदल केला आहे, हे त्याला न सांगता कळते. नाव बदलले, तर जुने नेटवर्क नाहीसे झाले असे दिसते आणि अवघड संवाद काही प्रमाणात टळतो. आडनाव किंवा सदनिका क्रमांक असलेले नाव मात्र जरूर बदलावे, कारण कोणते वाय-फाय कोणाचे हे जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही त्यावरून कळते.

नुसते नाव बदलून पासवर्ड तोच ठेवणे हा उपाय नव्हे. नवे नाव यादीत दिसताच कोणीतरी जुना पासवर्ड टाकून पाहतोच.

११. नवा पासवर्ड कसा असावा? आजींनाही टाकता आला पाहिजे.

लांबी महत्त्वाची, चिन्हे नव्हेत. कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरे चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीतील लहान अक्षरांत लिहावेत, जसे की दोन भांडी, एक पक्षी आणि एक गाव. असा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर निवडून टाकणेही सुसह्य होते, तर मोठी अक्षरे आणि चिन्हे यांत रिमोट सतत वर-खाली करावा लागतो. तंतोतंत स्पेलिंग कागदावर लिहावे, कारण zha आणि jha, ee आणि i यांवरून घरात वाद होतात.

मोबाईल क्रमांक ठेवू नये. तो व्हिजिटिंग कार्डावर असतो हे एक कारण. दुसरे कारण असे की वाय-फाय जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेणारा माणूस ती घरी नेऊन निवांतपणे अंदाज तपासू शकतो, आणि नुसते दहा अंक असतील, तर चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला त्यासाठी काही तास पुरतात.

१२. पासवर्ड बदलल्यावर कॅमेरा, स्मार्ट प्लग आणि सोलर इन्व्हर्टर जोडले जात नाहीत. काय चुकले?

बहुधा काहीच चुकले नाही. या उपकरणांना नवा पासवर्ड टाइप करायला पडदाच नसतो. त्यांना त्यांच्या ॲपमधून नव्याने जोडावे लागते आणि त्याआधी उपकरणाचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. त्यांतील बरीचशी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि त्यामुळे जोडणी अडत असेल, तर तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करून ती जोडावीत. सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ ठेवला असेल, तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. अशा वेळी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय निवडावा.

सोलर इन्व्हर्टरची वाय-फाय कांडी लोक हमखास विसरतात. वीज तयार होतच राहते, फक्त ॲपमधील नोंदी थांबतात, आणि महिन्याभराने ते लक्षात येते.

१३. पासवर्ड बदलला, तरी दोनच दिवसांत तेच फोन पुन्हा यादीत दिसू लागले. असे कसे?

तिसऱ्या मजल्यावर नेमके हेच झाले. घरातील मुलाने मी जाण्याआधीच एकदा पासवर्ड बदलला होता आणि तरीही पाहुणे कायम होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. फोन आणि लॅपटॉप यांनी नवा पासवर्ड मागितला होता, पण कॅमेरा, एसी आणि रिपीटर काहीही न मागता चालू राहिले होते. घरच्यांना त्याचे समाधान वाटले. खरे तर तीच धोक्याची खूण होती. जे उपकरण पासवर्ड बदलल्यावरही मुकाट्याने चालू राहते, ते जुना पासवर्ड कुठेतरी अजून स्वीकारला जात असल्याचे सांगते.

मुलाने फक्त ५ गिगाहर्ट्झच्या विभागात बदल केला होता. २.४ चा विभाग शेजारच्या टॅबमध्ये होता, तो तसाच राहिला. रिपीटर त्या जुन्या पट्ट्यावर जोडलेला होता आणि स्वतःचा सिग्नल जुन्याच पासवर्डने बेडरूममधून वरच्या मजल्यापर्यंत पसरवत होता. आम्ही दोन्ही पट्ट्यांचा पासवर्ड बदलला आणि रिपीटर नव्याने जोडून त्याच्या स्वतःच्या सिग्नलचा पासवर्डही वेगळा बदलला. हा शेवटचा भाग विसरू नये, कारण काही रिपीटर मुख्य राउटरला नव्या पासवर्डने जोडले तरी आपला जुना पासवर्ड तसाच ठेवतात. त्या रात्री सगळे काही अडले, एसीसुद्धा, आणि म्हणूनच काम पूर्ण झाल्याची मला खात्री वाटली.

रिपीटर नसेल, तर घरात आणखी कुठे जुना राउटर जोडलेला आहे का, डब्ल्यूपीएस चालू राहिले आहे का, आणि राउटरचे लॉगिन बदलले आहे का, ते प्रश्न ८ नुसार पाहावे. सगळे नीट असेल, तर पासवर्ड घरातूनच पुन्हा बाहेर गेला आहे. मुलांना रागावण्यापेक्षा त्यांच्या मित्रांसाठी वेगळी सोय करणे टिकाऊ ठरते. ती पुढच्या उत्तरात आहे.

१४. शेजारची मुलगी परीक्षेसाठी वाय-फाय मागते. नाही म्हणवत नाही. सुरक्षितपणे कसे द्यावे?

राउटरमध्ये Guest Network हा पर्याय असेल, तर तो चालू करावा. त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळे असतात, आणि त्यावरील फोनला इंटरनेट मिळते, पण घरातील टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा दिसत नाहीत. पाहुण्यांना घरातील इतर उपकरणांपासून वेगळे ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना, हे मात्र तपासावे. काही राउटरवर वेळेची किंवा वेगाची मर्यादा घालता येते. परीक्षा संपली की तेवढाच पासवर्ड बदलावा, घरातील एकही उपकरण हलवावे लागत नाही.

दोन गोष्टींची जाणीव असावी. अनेक कंपन्यांच्या करारात जोडणी घराबाहेर इतरांना देण्यास मनाई असते, आणि पाहुण्यांच्या नेटवर्कवरून जे केले जाते तेही बाहेरच्या जगाला आपल्याच जोडणीवरून झालेले दिसते. त्याबद्दल प्रश्न १६ पाहावा.

१५. आम्ही भाड्याने राहतो आणि वाय-फाय घरमालकांचे आहे. आम्हाला काय करता येईल?

राउटर त्यांचा असल्याने त्यांच्या परवानगीशिवाय लॉगिन बदलू नये. प्रश्न ४ प्रमाणे यादी करून ती त्यांना दाखवावी. याउलट तुम्हीच घरमालक असाल, तर प्रत्येक भाडेकरू गेल्यावर राउटरच्या लॉगिनसह दोन्ही पासवर्ड बदलावेत. तुम्ही स्वतः नव्या घरात आलात आणि राउटर आधीपासून तिथे असेल, तर पहिल्याच दिवशी हे करावे.

१६. कोणी आमच्या वाय-फायवरून काही गैर केले, तर आम्ही अडचणीत येऊ का?

बाहेरून पाहणाऱ्याला घरातील प्रत्येक फोन वेगळा दिसत नाही, जोडणी ज्याच्या नावावर आहे तेच नाव कंपनीच्या नोंदीत सापडते. म्हणून चौकशी आधी तिथेच येते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले होते. तपास प्रथम तिथे राहणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला आणि तिचा त्यात हात नसतानाही तिला चौकशीला सामोरे जावे लागले.

परवानगीशिवाय दुसऱ्याचे नेटवर्क वापरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. ते अप्रामाणिक हेतूने किंवा फसवणुकीसाठी केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारच्या मुलाने मालिका पाहिली म्हणून पोलिसांत जावे असे मला वाटत नाही. पासवर्ड बदलणे पुरेसे आहे. मात्र राउटरमधील नोंदी कोणी बदललेल्या दिसल्या, किंवा आपल्या नावावर अनोळखी व्यवहार झाले, तर पासवर्ड बदलण्याआधी उपकरणांची यादी, नोंदी आणि वेळ यांचे फोटो काढून ठेवावेत आणि cybercrime.gov.in येथे तक्रार करावी. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

१७. राउटर बदलून नवा आला. जोडणाऱ्या माणसाने सोयीसाठी जुनेच नाव आणि पासवर्ड ठेवले. काही हरकत आहे का?

जुना पासवर्ड पसरलेला असेल, तर आहे. फोन राउटरचे यंत्र ओळखत नाही. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार जुळला की तो जोडला जातो. त्यामुळे घरातील टीव्ही ज्या सहजतेने जोडला गेला, त्याच सहजतेने पूर्वीचे सगळे पाहुणेही जोडले गेले असतील. जोडणारा माणूस घरात असतानाच त्याला दोन्ही पट्ट्यांवर नवा पासवर्ड ठेवायला सांगावे, लॉगिन आपल्याकडे लिहून घ्यावे, आणि जुना राउटर परत देणार असाल, तरच त्याचे टाचणीचे बटण दाबून त्यातील नोंदी पुसाव्यात.